पूर्ण नावाचे तीन भाग करताना आडनाव चुकीच्या रकान्यात जाते: कारण आणि उपाय

गावाची कुटुंब यादी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, सातबाऱ्यावरून उतरवलेली खातेदारांची नावे. या तिन्ही ठिकाणी नाव एकाच रकान्यात असते, आणि पुढे ज्या नमुन्यात माहिती भरायची असते तिथे पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने मागितलेले असतात. सेवा केंद्रावर किंवा ग्रामपंचायतीत बसणाऱ्या ऑपरेटरला हे काम दर हंगामात येते. तक्रारीही दर वेळी त्याच असतात. वडिलांचे नाव आडनावात गेले, आडनाव पहिल्या नावात आले, नाहीतर चार शब्दांच्या नावामुळे पुढचा मोबाइल नंबरच पुसला गेला.

शेवटची तक्रार एक्सेलमधला `Text to Columns` वापरल्यामुळे येते. तो पर्याय नाव तोडून उजवीकडच्या रकान्यांत टाकतो. तिथे आधीच माहिती असेल तर एकदा विचारतो, आपण घाईत होकार देतो आणि माहिती जाते. म्हणून ते साधन इथे वापरू नका. `Flash Fill` सुद्धा नको. वरच्या दोन-तीन ओळी पाहून तो अंदाज बांधतो आणि तोच अंदाज खाली सगळीकडे लावतो. खाली क्रम बदलला असेल तर ते तो सांगत नाही.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. चार किंवा दोन शब्दांचे नाव निदान डोळ्यांना दिसते. तीन शब्दांचे पण उलट्या क्रमाचे नाव काहीही कुरकुर न करता तीन रकान्यांत बसते. सातबाऱ्यावर साधारणपणे ‘रामदास किसन ठाकरे’ असा क्रम असतो. शाळेच्या कागदांवर, दहावीच्या गुणपत्रिकेवरही, आडनाव आधी येते. दोन्हीकडची नावे एका यादीत आली की पहिला शब्द म्हणजे नाव आणि शेवटचा म्हणजे आडनाव हा नियम अर्ध्या यादीला लागू होतो, अर्ध्या यादीला नाही. चूक झालेल्या ओळीवर कुठलीही लाल खूण येत नाही. ती आधारशी नाव जुळवताना कळते, आणि तोवर यादी पुढे गेलेली असते.

खालचा नमुना राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावाची यादी असावी असा धरा. नावे बनवलेली आहेत, पण प्रत्येक प्रकार आपल्याकडच्या यादीत सापडतो.

```
घर  पूर्ण नाव
12  रामदास किसन ठाकरे
15  मेश्राम सुनील देवराव
21  भगत दीपक मनोहर
21  भगत रेखा दीपक
30  शेख रहीम शेख करीम
34  कमला जौजे गणपत आत्राम
41  प्रल्हाद किसन जी राऊत
41  आरोही सुनीता विनोद राऊत
```

आधी शब्द वेगळे करा, नाव नंतर ठरवा

घर क्रमांक A मध्ये आणि मूळ नाव B मध्ये आहे असे धरू. B रकान्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. C मध्ये स्वच्छ केलेले नाव घ्या:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "),".",". "))
```

वेब पानावरून उतरवलेल्या यादीत साध्या जागेऐवजी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा येते. दिसायला ती तशीच असते, पण `TRIM` तिला ओळखत नाही, म्हणून ती आधी बदलून घेतली. टिंबानंतर जागा टाकली, कारण ‘शे.रहीम’ असे चिकटून लिहिलेले असते. `UNICHAR` एक्सेल २०१३ पासून आहे; त्याहून जुन्या एक्सेलमध्ये त्या जागी `CHAR(160)` लिहा.

सफाईच्या भरात सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव काही कीबोर्डवर ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशा पद्धतीने टाइप होते. ते चिन्ह काढले की ‘ह’वर रफार चढतो आणि आडनावच बदलते. काढण्याऐवजी एकच रूप करून घ्या:

```
=SUBSTITUTE(C2,UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

याचे उत्तर मूल्य म्हणून परत C मध्ये चिकटवा. यादी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर पुढची एकही तुलना जुळणार नाही. पीडीएफमधून उतरवलेल्या यादीत कधी कधी शब्दाच्या मध्येच जागा पडते आणि ‘ठाकरे’चे ‘ठाक रे’ होते. तशी दोन-चार नावे दिसली की थांबा आणि मूळ फाइल मागा.

आता D मध्ये शब्द किती ते मोजा. E ते I या पाच रकान्यांच्या पहिल्या ओळीत 1 ते 5 आकडे लिहा आणि E2 मध्ये खालचे दुसरे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढा. J मध्ये शेवटचा शब्द येईल:

```
D2: =LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2," ",""))+1
E2: =TRIM(MID(SUBSTITUTE($C2," ",REPT(" ",100)),(E$1-1)*100+1,100))
J2: =INDEX(E2:I2,D2)
```

जुन्या एक्सेलमध्येही हे चालते आणि लिब्रेऑफिसमध्येही. सहा किंवा जास्त शब्दांच्या नावाला J मध्ये त्रुटी दिसेल. अशा ओळी तशाही हातानेच पाहाव्या लागतात. इथपर्यंत नाव कुठले आणि आडनाव कुठले हे आपण ठरवलेले नाही. फक्त शब्द सुटे केले आहेत, त्यामुळे काही बिघडलेलेही नाही.

गावाची आडनावे क्रम सांगतात

गावात पहिली नावे पुष्कळ असतात, आडनावे मोजकी. तीच पाच-पंचवीस आडनावे घरोघर फिरतात. नावातल्या शब्दांच्या जागेपेक्षा ही गोष्ट जास्त भरवशाची आहे, आणि यादीचा क्रम तिच्यावरूनच ओळखायचा.

ज्या कागदाचा क्रम पक्का माहीत आहे, उदाहरणार्थ फक्त सातबाऱ्यावरची नावे, त्यातले शेवटचे शब्द काढा, दुबार काढून टाका आणि Z रकान्यात ठेवा. मग ही यादी गावातल्या माणसाला वाचून दाखवा. कोतवाल, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई ‘हे आडनाव नाही, हे तर नाव आहे’ असे लगेच सांगतो. हा भाग टाळू नका. पुढचे सगळे याच यादीवर उभे आहे.

```
L2: =COUNTIF($Z$2:$Z$200,E2)>0
M2: =COUNTIF($Z$2:$Z$200,J2)>0
N2: =IF(D2<>3,"पाहा",IF(AND(M2,NOT(L2)),"सरळ",IF(AND(L2,NOT(M2)),"उलट","पाहा")))
```

शेवटचा शब्द गावाच्या आडनावांत आहे आणि पहिला नाही, तर क्रम सरळ. पहिला आहे आणि शेवटचा नाही, तर उलट. दोन्ही आहेत किंवा एकही नाही, तर माणसाने पाहायचे. नमुन्यात रामदास सरळ ठरतो आणि मेश्राम उलट. ‘सरळ’ ओळीत पहिला शब्द नाव, दुसरा मधले नाव, तिसरा आडनाव. ‘उलट’ ओळीत दुसरा शब्द नाव, तिसरा मधले नाव आणि पहिला आडनाव. ‘पाहा’ असलेल्या ओळीत तिन्ही रकाने रिकामे राहू द्या. रिकामा रकाना कोणीतरी भरेल; चुकीचा भरलेला कोणी पाहणार नाही.

सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे. तिथल्या एकाच कागदावर मराठी घरांचा क्रम सरळ आणि शेजारच्या घराचा उलटा असू शकतो. म्हणून संपूर्ण फाइलला एकच क्रम लावण्यापेक्षा ओळीगणिक ही परीक्षा घेतलेली बरी.

दोन्ही शब्द आडनावे असतील तर घर पाहा

‘भगत दीपक मनोहर’ ही ओळ अडते. भगत हे आडनाव आहे, आणि आपल्याकडे मनोहर हेही आडनाव आहे. दोन्ही पहिली नावे म्हणूनही चालतात. ही एक ओळ कितीही वेळ पाहिली तरी उत्तर मिळत नाही. त्याच घरातल्या दुसऱ्या ओळीत मिळते.

आडनाव घरातल्या सगळ्यांच्या नावात असते. वडिलांचे नाव फक्त भावंडांत असते. सुनेच्या नावात त्या जागी नवऱ्याचे नाव येते. घर क्रमांक २१ मध्ये दीपकच्या ओळीत भगत आणि मनोहर दोन्ही आहेत, पण रेखाच्या ओळीत मनोहर नाही. सगळ्यांत आहे तो भगत. ‘दीपक’सुद्धा दोन्ही ओळींत आहे, पण एकीत स्वतःचे नाव म्हणून आणि दुसरीत नवऱ्याचे म्हणून. त्यामुळे ही परीक्षा फक्त पहिल्या आणि शेवटच्या शब्दाची घ्यायची.

K मध्ये नावाच्या दोन्ही टोकांना जागा जोडून ठेवा, नाहीतर ‘राम’ शोधताना ‘रामदास’ही मोजला जातो:

```
K2: =" "&C2&" "
O2: =COUNTIFS($A$2:$A$900,A2,$K$2:$K$900,"* "&E2&" *")
P2: =COUNTIFS($A$2:$A$900,A2,$K$2:$K$900,"* "&J2&" *")
Q2: =COUNTIF($A$2:$A$900,A2)
```

O आणि Q सारखे आले आणि P कमी आला तर पहिला शब्द आडनाव. P आणि Q सारखे आले आणि O कमी, तर शेवटचा. यादी मोठी असेल तर ९०० चा आकडा वाढवा. एकट्या माणसाच्या घरात ही परीक्षा काही सांगत नाही. घरातली सून माहेरच्या नावाने नोंदलेली असेल, किंवा घरात फक्त भाऊच असतील, तरी उत्तर मिळत नाही. तिथे ‘पाहा’ तसेच ठेवा.

चार शब्दांची नावे एका नियमाने सुटत नाहीत

पहिला प्रकार सोपा आहे. ‘प्रल्हाद किसन जी राऊत’ मध्ये ‘जी’ सुटा पडला आहे. आपल्याकडे वडिलांच्या नावाला जी किंवा राव लावतात, बाईमाणसाच्या नावाला बाई, आणि लिहिणारा कधी जोडून लिहितो, कधी तोडून. बंजारा घरांत ‘प्रेम सिंग’ आणि ‘प्रेमसिंग’ असे दोन्ही सापडते. उपाय म्हणजे मागच्या शब्दाला जोडणे:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," जी ","जी ")," राव ","राव ")," बाई ","बाई ")," सिंग ","सिंग ")
```

दोन्ही बाजूंच्या जागा सूत्रात असल्याच पाहिजेत. जागेशिवाय ‘जी’ शोधून काढून टाकला तर ‘राजीव’चा ‘राव’ होतो आणि संजीवनीचे काय होईल ते विचारू नका. तसेच जोडायचे, काढायचे नाही. आधारवर ‘किसनजी’ असेल तर ‘किसन’ जुळणार नाही. पूर्ण नावाच्या शेवटी असलेला ‘राव’ या सूत्रात मुद्दाम सोडला आहे, कारण तो आडनावही असू शकतो.

दुसरा प्रकार ‘कमला जौजे गणपत आत्राम’. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळापासूनच्या कागदांत वल्द, जौजे, बेवा हे शब्द येतात: वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे अमक्याची विधवा. बहुतेक ऑपरेटर हे शब्द कचरा समजून आधी काढून टाकतात आणि मग राहिलेल्या तीन शब्दांचा क्रम शोधत बसतात. उलट, यादीतली ही सगळ्यात खात्रीची ओळ आहे. खुणेच्या आधी स्वतःचे नाव, नंतर वडिलांचे किंवा नवऱ्याचे. अशा ओळी गाळणी लावून वेगळ्या करा आणि खुणेवरच तोडा:

```
=LEFT(C2,FIND(" जौजे ",C2)-1)
=MID(C2,FIND(" जौजे ",C2)+6,100)
```

दुसऱ्या सूत्रातला ६ म्हणजे दोन्ही बाजूंच्या जागांसह ‘ जौजे ’ची लांबी, मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून ती डोळ्यांनी मोजू नका. खूण बदलली की आकडा लिहिण्याऐवजी `LEN(" वल्द ")` असे घाला आणि एकाने कमी-जास्त होते का ते एका ओळीवर पाहून घ्या. खुणेनंतर दोन शब्द आले तर मधले नाव आणि आडनाव मिळाले. एकच शब्द आला, जसे ‘कमला आत्राम जौजे गणपत’, तर आडनाव खुणेच्या आधी आहे. खूण स्वतः एका वेगळ्या रकान्यात ठेवा. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, हे पुढे कोणीतरी विचारणारच, आणि त्याचे उत्तर या एका शब्दात आहे.

तिसरा प्रकार आता वाढत जाणार. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. ‘आरोही सुनीता विनोद राऊत’ मध्ये जास्तीचा शब्द नाही, चारही जागच्या जागी आहेत. यादीत जन्मतारीख असेल तर तीच पाहा. तारीख त्या दिवसाची किंवा नंतरची असेल तर दुसरा शब्द आईचा. त्याआधीची असेल तर बहुधा पहिले नावच दोन तुकड्यांत आहे, जसे ‘ओम प्रकाश’. नमुन्यात मधल्या नावाला एकच जागा असेल तर ‘सुनीता विनोद’ असे दोन्ही तिथेच लिहा. आईचे नाव गाळून नमुना भरला तर तो जन्म दाखल्याशी जुळणार नाही.

शेख रहीम शेख करीम

याला वेगळी जागा देतो, कारण बुलडाणा-अकोल्यापासून यवतमाळपर्यंत अनेक गावांच्या यादीत ही नावे आहेत आणि सगळ्यात जास्त मोडतोड यांचीच होते. साधा नियम लावला की पहिले नाव ‘शेख’, मधले ‘रहीम शेख’, आडनाव ‘करीम’ असे होते. म्हणजे वडील आडनाव बनले. रहीमच्या मुलाची ओळ ‘शेख सलीम शेख रहीम’ असेल तर त्याचे आडनाव ‘रहीम’ होईल, आणि बाप-लेकाची आडनावे वेगळी दिसतील. असा कागद हातात पडल्यावर माणूस विचारतो, “माह्या बापाचं नाव आडनावात कसं काय गेलं जी?” आणि त्याचे विचारणे रास्त आहे.

यात दोन माणसांची नावे शेजारी ठेवलेली आहेत. शेख रहीम हे मुलाचे, शेख करीम हे वडिलांचे. ओळखण्याची खूण सोपी: चार शब्द, आणि पहिला व तिसरा सारखे. ‘अहमद खान मजीद खान’ मध्ये दुसरा व चौथा सारखे.

```
=AND(D2=4,OR(E2=G2,F2=H2))
```

‘शे.’, ‘सै.’, ‘अ.’ आणि ‘मो.’ अशी संक्षिप्त रूपेही यात येतात, आणि एका बाजूला ‘शेख’ व दुसऱ्या बाजूला ‘शे.’ असेल तर ही खूण चुकते. म्हणून टिंब असलेल्या ओळी वेगळ्या काढून पाहा. अब्दुल आला की आणखी जपून: ‘अब्दुल रहमान अब्दुल गफ्फार’ मध्येही पहिला आणि तिसरा सारखे आहेत, पण अब्दुल हे आडनाव नाही, तो नावाचाच भाग आहे. त्याला रहमानपासून तोडायचे नाही.

खूण पटल्यावर तीन रकान्यांत काय लिहायचे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. रहीम, करीम, शेख असे करता येते. ‘शेख रहीम’, ‘शेख करीम’ आणि आडनाव रिकामे, असेही करता येते. निर्णय आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर काय आहे त्यावरून घ्या, आणि पूर्ण गावासाठी एकच पद्धत ठेवा. कागदावर नाव छापायचे असेल तेव्हा हे तीन रकाने जोडून छापू नका. ‘रहीम करीम शेख’ असे नाव तो माणूस वापरत नाही. छपाईसाठी B रकाना आहेच.

दोन शब्द, आणि शेवटची तपासणी

दोन शब्दांच्या नावात मधला रकाना रिकामा ठेवा. गडचिरोलीकडच्या जुन्या नोंदींत ‘सुमन मडावी’ एवढेच नाव सर्रास असते. तिथे टिंब, रेघ किंवा ‘निरंक’ भरू नका. ते पुढे खरेच मधले नाव म्हणून छापले जाते. आडनाव कुठले, हे वरचीच L आणि M मधली आडनावांची परीक्षा सांगते.

सगळे झाल्यावर आडनावाचा रकाना उचलून कुठले आडनाव किती वेळा आले ते मोजा आणि चढत्या क्रमाने लावा. एकदाच आलेली आडनावे वर येतील. त्यात नव्याने गावात आलेले शिक्षक, दवाखान्यातल्या सिस्टर अशी खरी एकटी घरे असतील. पण ‘देवराव’, ‘करीम’, ‘जी’ असे काही दिसले तर त्या ओळीत चूक आहे. मग पहिल्या नावाच्या रकान्याचे तेच उलट करा: तिथे एखादा शब्द फार वेळा आला, जसे ‘शेख’ किंवा ‘राठोड’, तर तो आडनावाचा आहे.

ज्या ओळी अजूनही ‘पाहा’ राहिल्या त्या घर क्रमांकासह छापा आणि गावात पाठवा. शेजारी दोन रिकामे रकाने द्या: आधारवर नाव कसे आहे, आणि घरचे नाव कसे सांगतात. दोन्ही वेगळे आले तर नमुन्यात आधारचे भरा आणि घरचे शेऱ्यात ठेवा. पुढच्या हंगामात हीच यादी परत आली की हा शेरा आणि Z मधली आडनावे नव्या फाइलमध्ये उतरवून घ्या.